एसीचे वर्षाचे लाईट बिल किती? स्टार लेबलचा फोटो आणि रोजचे तास एवढ्यावरून असा करा हिशोब

बेळगाव : मार्च उजाडला की शहरातल्या शोरूममध्ये एसीची चौकशी सुरू होते आणि घरोघरी एकच प्रश्न निघतो, ‘घ्यायला घेऊ, पण बिल किती येणार?’ शोरूममधला पोरगा सांगतो, ‘फाईव्ह स्टार आहे, काही येत नाही.’ शेजारी सांगतो, ‘आमचे महिन्याला तीन हजार आले.’ दोघेही खोटे बोलत नसतात, पण दोघांचेही उत्तर तुमच्या घराला लागू पडेलच असे नाही. उत्तर एसीवर चिकटवलेल्या स्टार लेबलवर असते आणि त्यासाठी पाचवी-सहावीचे गणित पुरते.

अनगोळमधल्या एका मित्राने शोरूममधून दोन लेबलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि खाली लिहिले, ‘यातला कुठला घेऊ ते दहा मिनिटांत सांग.’ दहा मिनिटांत जमले नाही, कारण हिशोब करताना मध्येच ‘गृहज्योती’ आडवी आली. ती कशी, ते पुढे येईलच. त्याचेच दोन फोटो धरून आपण हिशोब करू.

लेबलवर नेमके काय वाचायचे?

केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे, म्हणजे बीईईचे हे लेबल असते. वर ताऱ्यांची कमान आणि तिच्या खाली बारीक अक्षरांत आकडे. आपले लक्ष ताऱ्यांकडे जाते, पण हिशोबाला तारे लागत नाहीत. लागतात तीन आकडे. पहिला वर्षाच्या वीजवापराचा, जो युनिटमध्ये असतो. दुसरा ISEER या नावापुढचा, साधारण तीन ते सहाच्या दरम्यानचा. दुकानदार त्याला ‘आयसीर’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. तिसरा थंड करण्याच्या क्षमतेचा, वॅटमध्ये. दीड टनाच्या एसीला तो पाच हजारांच्या आसपास असतो.

मित्राच्या पहिल्या फोटोतला एसी पाच तारे, क्षमता ५००० वॅट, आयसीर ५.२० आणि वर्षाला ७४५ युनिट. दुसरा तीन तारे, क्षमता ४८०० वॅट, आयसीर ३.९० आणि वर्षाला ९५० युनिट. दोन्ही दीड टनाचे, दोन्ही इन्व्हर्टर.

इथे पहिली चूक होते ती वॅटच्या आकड्यावरून. ५००० वॅट वाचून लोक घाबरतात, ‘म्हणजे तासाला पाच युनिट?’ तसे नाही. हा आकडा एसी खोलीतून किती उष्णता बाहेर काढतो त्याचा आहे, तो किती वीज खातो त्याचा नाही. काढलेली उष्णता आणि खाल्लेली वीज यांचे हंगामभराचे गुणोत्तर म्हणजे आयसीर. आयसीर ५.२० म्हणजे एक युनिट विजेत ५.२० युनिटइतकी उष्णता बाहेर. हा आकडा जितका मोठा तितका एसी काटकसरी.

फोटोतली दुसरी अडचण साधी असते. लेबल चकचकीत असते, शोरूमचे दिवे त्यावर पडतात आणि नेमका एक अंक पांढरा होऊन जातो. मित्राच्या फोटोतला ७४५ हा १४५ होता की ९४५, हे मला आधी कळेना. अशा वेळी एक ताळा उपयोगी पडतो. क्षमतेचा वॅटचा आकडा ०.७७ ने गुणायचा आणि आयसीरने भागायचा. जे येईल त्याच्या आसपास वर्षाचे युनिट असायला हवेत, कारण लेबलवरचे युनिट याच दोन गोष्टींवरून निघतात. ५००० गुणिले ०.७७ म्हणजे ३८५०, त्याला ५.२० ने भागले की ७४०. म्हणजे तो अंक सात होता. दुसऱ्या एसीचा ताळा ९४८ येतो, लेबलवर ९५० आहे. पाच-दहा युनिटचा फरक चालतो. शंभर-दोनशेचा आला तर अंक चुकीचा वाचला किंवा फोटो दुसऱ्याच मॉडेलचा आहे असे समजावे. मॉडेलचा नंबर लेबलवर असतोच, तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवून घ्या. शोरूमला लटकवलेला एसी एक आणि घरी आलेला दुसरा, असे घडू शकते.

ताऱ्यांवर का जाऊ नये, तेही सांगतो. ताऱ्यांचे निकष ठरावीक वर्षांनी कडक केले जातात. २०१८च्या तक्त्यात आयसीर ४.५० असला की पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून पाच ताऱ्यांसाठी ५.०० लागू लागला आणि तोच आधीचा एसी चार ताऱ्यांवर आला. मशीन तेच, वीज तीच, एक तारा मात्र गेला. म्हणून ओएलएक्सवरचा जुना ‘फाईव्ह स्टार’ आणि शोरूममधला नवा ‘फाईव्ह स्टार’ यांची तुलना ताऱ्यांवरून करू नये. युनिटचा आकडा मात्र दोन्ही लेबलांवर एकाच मापाने काढलेला असतो. २०१८ च्या आधीच्या बऱ्याच लेबलांवर आयसीर नसतो, ती या हिशोबात धरू नयेत.

१६०० तासांची गोम

लेबलवरचे युनिट वर्षाचे असतात, पण हे वर्ष ३६५ दिवसांचे नाही. एसी वर्षातून १६०० तास चालेल असे धरून तो आकडा काढलेला असतो. त्यासाठी बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांपर्यंत धरले जाते आणि देशातल्या वेगवेगळ्या शहरांच्या हवेवरून कोणत्या तापमानाला किती तास, याची वाटणी ठरवलेली असते. म्हणजे हा आकडा नागपूरचाही नाही आणि बेळगावचाही नाही, सगळ्यांची सरासरी आहे.

आपल्याला त्यातून एकच गोष्ट काढायची. वर्षाच्या युनिटना १६०० ने भागले की सरासरी एका तासाचे युनिट मिळतात. पाच ताऱ्यांचा एसी, ७४५ भागिले १६००, म्हणजे ०.४६६ युनिट. तीन ताऱ्यांचा, ९५० भागिले १६००, म्हणजे ०.५९४. तासाला अर्धा युनिट आणि सहा दशांश युनिट असे लक्षात ठेवले तरी चालेल.

आता आपले तास. बेळगावात एसी किती दिवस लागतो? मार्चच्या मध्यापासून उकाडा सुरू होतो, मे महिन्यात वळवाचे एक-दोन पाऊस झाले की रात्री सुसह्य होतात आणि जूनमध्ये पाऊस लागला की रिमोट कपाटात जातो. रात्री दहा ते सकाळी सहा लावणारे घर धरले तर ९० दिवस गुणिले आठ तास, म्हणजे ७२० तास. लेबलच्या १६०० तासांच्या निम्म्याहूनही कमी. पणजी-मडगावला दमटपणामुळे हे दिवस दुप्पट होऊ शकतात, हैदराबादला उन्हाळा आधी सुरू होतो. त्यामुळे तिथल्या पाहुण्याचा अनुभव इथे लावू नये.

७२० तासांना पाच ताऱ्यांचा एसी ३३५ युनिट घेईल आणि तीन ताऱ्यांचा ४२८. फरक ९३ युनिटचा.

युनिटचा दर कुठला धरायचा?

इथे पुष्कळ लोक एकूण बिलाला एकूण युनिटने भागतात आणि जो दर येईल तो लावतात. वाणिज्य शाखेत शिकवलेली एक गोष्ट इथे कामाला येते. नव्या खर्चाचा हिशोब सरासरी दराने नव्हे, तर शेवटच्या वाढीव युनिटच्या दराने करायचा असतो. एसीचे युनिट घरातल्या पंख्या-फ्रिजच्या वर चढतात, म्हणून त्यांना वरचा दर लागतो.

आपल्या हेस्कॉमच्या हद्दीत घरगुती वापराला हे सोपे आहे, कारण आता टप्पे नाहीत. २०२५-२६ च्या दरपत्रकानुसार सगळ्या युनिटना ५ रुपये ८० पैसे हा एकच दर आहे. त्यावर ९ टक्के वीज कर आणि निवृत्तिवेतन-उपदानापोटी युनिटमागे ३६ पैसे. मिळून युनिट साधारण ६ रुपये ७० पैशांना पडते. इंधन समायोजन महिन्यागणिक वर-खाली होते, ते इथे सोडून दिले आहे. बिलावरचा बराचसा मजकूर कन्नडमध्ये असतो म्हणून अनेकजण ते न वाचताच ठेवून देतात, पण आकडे तर वाचता येतात. युनिट गुणिले दर ही ओळ शोधा, दर लगेच सापडतो. दर वर्षी एप्रिलमध्ये तो बदलू शकतो, तेव्हा हिशोब करताना ताजे बिल घ्या.

चंदगड, गडहिंग्लज भागातल्या वाचकांना महावितरणचे बिल येते. तिथे १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात. उन्हाळ्यात घर ज्या टप्प्यात जाईल त्या टप्प्याचा दर, त्यात वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क, असा दर धरावा. गोव्यातही टप्पेच आहेत. तिकडचा वरचा टप्पा आणि आपला सपाट दर यांत बरीच तफावत पडते, म्हणून सीमेपलीकडच्या मेहुण्याचे बिल आणि आपले बिल जुळत नाही.

६.७० चा दर लावला तर मित्राच्या पाच ताऱ्यांच्या एसीचा वर्षाचा खर्च सुमारे २,२४५ रुपये आणि तीन ताऱ्यांचा २,८७० रुपये. वर्षाला जेमतेम सव्वासहाशेचा फरक. शोरूमने दोघांच्या किमतीत आठ हजारांचे अंतर सांगितले होते. ते भरून निघायला तेरा वर्षे लागतील. तेवढ्यात मशीनच जुने होईल. तोच एसी लेबलप्रमाणे १६०० तास चालला असता तर पावणेसहा वर्षांत अंतर भरून निघाले असते. म्हणजे ‘फाईव्ह स्टार परवडतो’ हे वाक्य खरे की खोटे, ते फक्त तासांवर ठरते.

मी मित्राला कळवणार होतो की तीन तारे घे. तेवढ्यात त्याने सहज लिहिले, ‘आमचे बिल तसे शून्यच येते म्हणा.’

गृहज्योतीने हिशोब कसा बदलतो?

कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती बिल शून्य येते हे सर्वांना माहीत आहे. पण त्यातले दोन उंबरठे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतात आणि एसी नेमका तिथेच अडखळतो.

पहिला उंबरठा तुमच्या स्वतःच्या घराचा. २०२२-२३ मधल्या तुमच्या मासिक वापराची सरासरी काढून त्यावर १० टक्के वाढवले की तुमची मोफत मर्यादा ठरते. (अगदी कमी वापराच्या घरांना पुढे १० टक्क्यांऐवजी १० युनिट वाढवून दिले गेले.) वापर या मर्यादेच्या वर गेला, पण २०० युनिटच्या आत राहिला, तर फक्त वरच्या युनिटचे पैसे भरायचे. दुसरा उंबरठा २०० युनिटचा. तो ओलांडला की त्या महिन्याचे सगळे बिल भरावे लागते, पहिल्या युनिटपासून, स्थिर आकारासकट.

मित्राच्या घरात चौघे. २०२२-२३ ची सरासरी ८० युनिट, म्हणून मर्यादा ८८. मागच्या उन्हाळ्याची बिले काढून पाहिली तर महिन्याला ८५ च्या आसपास वापर, म्हणून बिल शून्य. आता यात एसी टाकू. रोज आठ तास, ३० दिवस, म्हणजे महिन्याला २४० तास.

पाच ताऱ्यांचा एसी महिन्याला ११२ युनिट घेईल. ८५ आणि ११२ मिळून १९७. दोनशेच्या आत! मर्यादेच्या वरचे १०९ युनिट भरायचे, म्हणजे सुमारे ७३० रुपये.

तीन ताऱ्यांचा एसी १४३ युनिट घेईल. ८५ आणि १४३ मिळून २२८. दोनशेच्या वर. आता सगळ्या २२८ युनिटचे पैसे, म्हणजे १,५२८ रुपये. वर स्थिर आकार, २०२५-२६ च्या दराने किलोवॅटला १४५ रुपये. मित्राचा मंजूर भार दोन किलोवॅट, म्हणून २९० रुपये. एकूण १,८१८.

लेबलवरून पाहिले तर दोन एसींत महिन्याला ३१ युनिटचा, म्हणजे दोनशे रुपयांचा फरक. बिलावर मात्र तो १,०८८ रुपयांचा. तीन महिन्यांत ३,२६४. आता आठ हजारांचे अंतर तेरा वर्षांत नव्हे, अडीच वर्षांत भरून निघते. उत्तर पूर्ण उलटले, आणि लेबलवरचा एकही आकडा बदललेला नाही.

म्हणून आपल्या भागात एसीचा खर्च काढताना ‘एसीचे युनिट गुणिले दर’ एवढ्यावर थांबू नये. उन्हाळ्यातल्या एका महिन्याचे बिल एसीशिवाय किती आणि एसीसह किती, असे दोन्ही मांडावे आणि त्यातला फरक हाच एसीचा खर्च धरावा. घराचा एसीशिवायचा वापर मुळातच १७०-१८० असेल, तर कुठलाही एसी घेतला तरी दोनशे ओलांडणारच. तिथे पुन्हा दोन एसींमधला फरक फक्त युनिटचा उरतो.

तीन युनिटची मोकळीक

मित्र खूश झाला आणि पाच ताऱ्यांचा एसी घ्यायला निघाला. पण १९७ हा आकडा मला काही पटेना. दोनशेला तीन युनिट कमी म्हणजे महिन्याभरात साडेसहा तासांची मोकळीक. एका रविवारी पाहुणे आले, दुपारी एसी लावला, की संपली. आठऐवजी रोज नऊ तास चालवला तर महिन्याला २११ होतात आणि बिल १,७०० च्या घरात जाते. आठ हजार जादा मोजून शेवटी दोनशे ओलांडायचेच असतील तर ते पैसे पाण्यात.

मग उलटा प्रश्न विचारला. आठ तास लागतात का? बेळगावात एप्रिल-मे मध्येही पहाटे हवा निवते, चारनंतर चादर ओढावी लागते. पहाटे चारला एसी आपोआप बंद होईल असा टायमर लावला तर रोज सहा तास, महिन्याला १८० तास. तीन ताऱ्यांचा एसी तेवढ्यात १०७ युनिट घेतो. ८५ मिळवले की १९२. मर्यादेच्या वरचे १०४ युनिट, म्हणजे ६९७ रुपये. आठ तास चाललेल्या पाच ताऱ्यांपेक्षाही कमी, आणि आठ हजार खिशात. दोन तासांचा टायमर इथे दोन ताऱ्यांचे काम करतो.

अर्थात हे या घराचे उत्तर. घरात म्हातारे माणूस दिवसभर असेल, तान्हे बाळ असेल, किंवा घरून काम करणारे कोणी असेल, तर टायमरचे गणित टिकत नाही आणि तास भरभर वाढतात. तिथे पाच ताऱ्यांकडेच झुकावे.

आणखी एक खर्च लेबलवरही नसतो आणि हिशोबातही कोणी धरत नाही, तो म्हणजे मंजूर भाराचा. जुन्या घरांचा भार बऱ्याचदा एकच किलोवॅट असतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की एकटाच दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो. भार एकवरून तीन किलोवॅट करून घेतला तर वाढीव दोन किलोवॅटला महिन्याला २९० रुपये, वर्षाला ३,४८० रुपये स्थिर आकार. एसी जुलैत बंद असला तरी हा आकार चालूच राहतो. गृहज्योतीत शून्य बिल येणाऱ्या महिन्यांत तो दिसत नाही, पण योजनेच्या बाहेरच्या घराला हा आकडा एसीच्या विजेपेक्षाही मोठा पडू शकतो. एसी बसवणाऱ्याला विचारण्याआधी बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते पाहा.

लेबल कुठे चुकते?

लेबलचा तासाचा आकडा सरासरी आहे, त्यामुळे तुमच्या खोलीत तो वर-खाली होणारच. का होतो, ते कळले की अंदाज सुधारता येतो. चाचणी घेताना खोलीत २७ अंश आणि बाहेर ३५ अंश असे धरले जाते. तुम्ही रिमोट १८ वर ठेवला की लेबलचा आकडा विसरायचा. जानेवारी २०२० पासून नवे स्टारचे एसी चालू केल्यावर २४ अंशांवर सुरू होतात. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे बीईईचे सांगणे आहे.

दुसरे कारण वेळेचे. रात्री बाहेर २४-२५ अंश असताना इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर मंदावतो आणि लेबलपेक्षा कमी वीज घेतो. तोच एसी वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, दुपारी तीनला लावला तर मंदावायला त्याला सवडच मिळत नाही. तिथे लेबलच्या तासाच्या आकड्यात निदान तिसरा हिस्सा वाढवून धरावा. मळलेली जाळी आणि दाराखालची फट यांनीही तोच परिणाम होतो.

एसी बसल्यावर अंदाज खरा की खोटा ते मीटरवर तपासता येते, त्याला वेगळे यंत्र लागत नाही. एका रात्री एसी न लावता झोपताना आणि टायमरच्या वेळेला मीटरचे आकडे टिपायचे. दुसऱ्या रात्री तेवढाच वेळ एसी लावून पुन्हा टिपायचे. दोन्ही रात्री फ्रिज, पंखा सारखेच असतात, म्हणून फरक एसीचा. पाण्याची मोटर किंवा गिझर त्या वेळात चालू नसावा, एवढी काळजी घ्या. रात्री उठायचा कंटाळा असेल तर मोबाईलचा गजर लावून मीटरचा फोटो काढा, वेळही त्यात नोंदली जाते.

मित्राने शेवटी तीन ताऱ्यांचा एसी घेतला. सहा तासांच्या रात्रीला एसीशिवाय दीड युनिट, एसीसह ४.७ युनिट, म्हणजे एसीचे ३.२. लेबलच्या हिशोबाने ३.५६ यायला हवे होते. रात्रीची हवा कामी आली. मग एका दुपारी तीन तास लावून पाहिले, तर २.४ युनिट गेले. लेबलने १.८ सांगितले असते. स्लॅबखालची खोली, दुसरे काय.

हे दोन आकडे हातात आल्यावर मे महिन्याचा हिशोब त्याने स्वतःच मांडला. ३१ रात्रींचे ९९ युनिट, घराचे ८५, एकूण १८४. दोनशेला १६ कमी, म्हणजे सहा दुपारी एसी लावता येईल. कॅलेंडरवर त्याने खुणा करायला सुरुवात केली. पाच दुपारी लागला. मीटर रीडिंगवाला आला तेव्हा महिन्याचे १९६ युनिट निघाले आणि बिल १०८ युनिटचे, साधारण सव्वासातशे रुपयांचे. रीडिंगची तारीख महिनाअखेरीची नसते, हे मात्र त्याला ऐनवेळी समजले. तुमचे रीडिंग कोणत्या तारखेला होते ते मागच्या दोन बिलांवरून पाहून ठेवा आणि युनिट त्या तारखेपासूनच मोजा.